सगळ्यांचं उत्तर सत्त्याऐंशी

अख्खा वर्ग एकच चूक करतो तेव्हा पहिला संशय कॉपीचाच येतो, आणि त्यात शिक्षकाचा काही दोष नाही. बाईंच्या मनातही तेच आलं. प्रश्न अगदी सरधोपट होता: सात, अकरा, पंधरा अशी चार-चारने वाढत जाणारी क्रमिका, तिचं विसावं पद काढा. उत्तर त्र्याऐंशी. पोरांनी एकजात सत्त्याऐंशी लिहून ठेवलं होतं.

मग त्यांचं लक्ष त्या शून्यांकडे गेलं. प्रत्येक पेपरात सातच्या खाली बारीकसं शून्य होतं, आणि ते वरून किंचित उघडं राहिलेलं. असं शून्य जगात एकच माणूस काढायचा. ते बाईंचे वडील. हा वर्ग त्यांचाच होता. धडा अर्ध्यावर असताना ते गेले आणि त्याच शाळेत शिकवणाऱ्या लेकीच्या गळ्यात वर्ग पडला. धडा संपलाय असं समजून तिने सरळ चाचणी घेतली होती. आता भर दुपारी, शिक्षकांच्या खोलीत, ढीगभर कागदांतून बाबा तिच्याकडे बघत होते.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पेपर चाळले आणि चष्मा काढला. "कॉपी नाही गं ही. सरांनीच चुकीचं शिकवलंय. शेवटी शेवटी त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, आपण सगळ्यांनी पाहिलंय. उद्या पालकांना तसं सांगून टाकू, धडा पुन्हा घेऊ."

मेली ती शंका बाईंच्याही मनात होतीच. बाबा हल्ली चहात मीठ घालायचे, आईला ताईच्या नावाने हाक मारायचे. पण गणित? गणितसुद्धा सुटलं होतं का त्यांच्या हातून? ते खरं असेल तर बाबा गेले त्याच्या कितीतरी आधीच गेले होते, आणि एका घरात राहून लेकीला पत्ताही लागला नव्हता. हा विचार त्यांना सहन होईना.

त्या तडक वर्गात गेल्या. पहिल्या बाकावरच्या चिमणीला फळ्यापाशी उभं केलं. पोरगी एवढीशी, पण तोंडाने फटकळ.

"सातखाली शून्य का गं?"

"कारण सातवर पोचायला एकही उडी मारावी लागत नाही, बाई. आपण तिथेच उभे असतो. अकराला एक उडी, पंधराला दोन. म्हणून सात अधिक चार गुणिले n." चिमणीने मान तिरकी केली, खडू दोन बोटांत फिरवला. "काय घाई आहे? पद काय पळून जातंय?"

हे शेवटचं वाक्य बाबांचं होतं. खडू फिरवायची लकबही त्यांचीच. मागच्या बाकांवरून तीन-चार ओठ तेच शब्द आवाज न करता पुटपुटले, तशी बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मग विसावं पद?"

"n वीस. वीस चोक ऐंशी, अधिक सात, सत्त्याऐंशी."

म्हणजे सूत्रात काही खोट नव्हती. बाबांचा n पदाचा नंबर नव्हताच, तो उड्या मोजत होता. सातला शून्यावं म्हटलं की पहिल्या पदाला शून्य उड्या, दुसऱ्याला एक, आणि विसाव्याला एकोणीस. पोरांनी वीस उड्या मारल्या आणि थेट एकविसाव्या पदावर जाऊन बसली. पण ही मेख तर बाबा कधीच विसरले नसते!

"पद आणि उडी यांत एकाचा फरक पडतो, हे सरांनी नाही सांगितलं?"

"नाही ना. म्हणाले, यात एक गंमत आहे, उद्या सांगतो."

बाईंचा जीव भांड्यात पडला. बाबांचं डोकं शाबूत होतं. त्यांना फक्त दुसरा दिवस मिळाला नव्हता. आणि ही सगळी पोरं त्या उद्याची वाट बघत अर्ध्या धड्यावर बसून राहिली होती.

"दारामागे सर ऐकतायत असं वाटतं कधीकधी," चिमणी हळूच म्हणाली. कुणीही हसलं नाही.

बाईंनी खडू घेतला. हात पुढे जाईना. गंमत सांगितली की धडा पुरा होणार होता आणि बाबांना या वर्गात यायला कारणच उरणार नव्हतं. न सांगावी, तर उद्या मोठ्या बाई पालकांपुढे बाबांना वेड्यात काढणार. शेवटी त्यांनी लिहिलं: विसाव्या पदाला उड्या एकोणीस. एकोणीस चोक शहात्तर, अधिक सात, त्र्याऐंशी.

पोरांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

"म्हणजे आता सर यायचे नाहीत?" चिमणीने विचारलं.

"नाही येणार," बाई म्हणाल्या. बाबा गेल्यापासून हे वाक्य त्यांनी घरीसुद्धा कुणापुढे उच्चारलं नव्हतं.