कारंजं असलेलं हॉस्पिटल

पोशीरचं घर कुलूपबंद करून विलास बायकोला आणि वडील आबाजींना घेऊन ठाण्याला घोडबंदर रोडवर भाड्याने राहायला आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं, की डॉक्टर, लॅब आणि हॉस्पिटल या तिन्ही गोष्टी तोच शोधणार. आबाजींना मधुमेह होता, रक्तदाब होता, म्हणून हे काम गंभीर होतं. आणि गंभीर कामं आपल्यालाच जमतात, असा विलासचा फार जुना समज होता.

त्याची पद्धत शास्त्रीय होती. तो सोफ्यावर पडायचा आणि मोबाइलवर तारे मोजायचा. साडेचार ताऱ्यांच्या खालचं हॉस्पिटल त्याच्या लेखी दवाखानाच नव्हता. अशा रीतीने त्याने एक हॉस्पिटल पक्कं केलं आणि रविवारी सगळ्यांना ते दाखवायलाही नेलं. दाराशी कारंजं होतं, गाडी नेऊन लावणारा व्हॅलेवाला होता, आत कॉफीचं दुकान होतं, आणि इतका गारवा होता, की आबाजींनी खांद्यावरचा टॉवेल कानाला गुंडाळला.

"हितं आजारी मानसं कुठं हायत रं?" आबाजींनी विचारलं.

"आबा, चांगल्या हॉस्पिटलात ती दिसत नाहीत," विलास अभिमानाने म्हणाला.

त्याच रस्त्यावर एका ट्रस्टचं जुनं हॉस्पिटलही होतं. तिथे बाकांवर माणसं दाटीने बसलेली, भिंतींना तेलाचे डाग. विलासने बाहेरूनच नाक मुरडलं आणि गाडी पुढे काढली.

हर्षला, त्याची बायको, मूळची चौक गावची. तिचे वडील गॅरेज चालवायचे. गाडी दुरुस्तीला टाकायची तर आधी गॅरेजवाल्याशी दोन शब्द बोलावेत, एवढं तिला घरूनच ठाऊक होतं. मध्यंतरी तिला ताप आला, तेव्हा ती एकटीच डॉ. जागृती कर्णिकांकडे जाऊन आली. हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावरचा दवाखाना. डॉक्टरांनी तपासलं, तापाच्या गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाल्या, आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत यायला सांगितलं.

"रक्त नाही तपासलं? अँटिबायोटिक नाही? मग फी कसली घेतली?" विलास म्हणाला.

"ताप गेला ना पण, अहो."

"तो आपोआप गेला."

हर्षलाने वाद वाढवला नाही. डॉक्टरांचा नंबर मात्र तिने जपून ठेवला, आणि आबाजींनाही एकदा दाखवून आणू म्हणून चारदा सुचवलं. विलासने पाचव्यांदा सुचवायची वेळच येऊ दिली नाही. आबाजींसाठी त्याने ॲपवरून संपूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज मागवलं. माणूस घरी येऊन रक्त घेतो, शिवाय तो कुठवर पोचला ते नकाशावर दिसतं!

रविवारी सकाळी माणूस आला, रक्त घेऊन गेला. नंतर कितीतरी वेळ विलास मोबाइलवर त्याचा ठिपका बघत बसला. ठिपका समोरच्या टॉवरमध्ये गेला, मग कासारवडवलीला, मग उन्हात बराच वेळ सिग्नलला, मग आणखी तीन-चार सोसायट्यांमध्ये.

"बघ, किती लोकांचा विश्वास आहे," तो हर्षलाला म्हणाला.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पोटॅशियमच्या पुढे लाल आकडा होता, सात पॉइंट एक, आणि खाली सूचना, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. विलासने तो शब्द शोधला, हृदय थांबू शकतं असं वाचलं, आणि त्याचंच हृदय थांबायच्या बेताला आलं. आबाजी तेव्हा भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात बसले होते.

"आबा, उठा! हॉस्पिटलला जायचंय!"

"चटनी संपू दे की."

चटणी संपू दिली नाही. कारंज्यापाशी पोचायला नकाशा सात मिनिटं म्हणत होता, घोडबंदर रोडने चाळीस घेतली. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "कॅशलेस आहे की सेल्फ?" पेशंटला काय होतंय, हे तिने नंतर विचारलं. आबाजींना चाकाच्या खुर्चीत बसवलं, ते दोनदा उठले, दोनदा परत बसवले. एक तरुण डॉक्टर आले, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "आयसीयूत घ्यावं लागेल. आधी ॲडमिशन करून घ्या."

विलास खिशातून कार्ड काढू लागला. हर्षलाने बाजूला होऊन जागृती डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आधी विचारलं, आबांना धाप, छातीत धडधड, अशक्तपणा काही आहे का. हर्षला नाही म्हणाल्यावर रक्त कधी घेतलं आणि लॅबमध्ये कधी पोचलं, तेही विचारलं.

"सकाळी घेतलं. पोचलं दुपार उलटल्यावर. यांनी नकाशावर पाहिलंय."

"रक्त तसंच उन्हात फिरत राहिलं, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा चढतो. पण खोटाच आहे असं धरून चालू नका, खरा असला तर जिवाशी खेळ आहे. आत्ता लगेच ईसीजी काढायला सांगा आणि ताजं रक्त द्या. रिपोर्ट किती वेळात मिळेल विचारा. आणि आकडा खरा निघून रात्री डायलिसिस लागलं तर होईल का, हेही."

हर्षलाने तसंच विचारलं. ईसीजीचं मशीन चौथ्या मजल्यावरून आणावं लागलं. ईसीजीची पट्टी नीट आली, तरुण डॉक्टरांनीच तसं सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट मात्र उद्या सकाळी, कारण रविवारी नमुने बाहेर पाठवतात. आणि डायलिसिस?

"विभाग लवकरच सुरू होतोय, मॅडम," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाले.

"मग आयसीयूत यांचं करणार काय?"

"निरीक्षण."

हर्षलाने पट्टीचा फोटो जागृती डॉक्टरांना पाठवला. त्या म्हणाल्या, ट्रस्टच्या हॉस्पिटलात जा, त्यांची लॅब चोवीस तास चालू असते, डायलिसिसही आहे, मी तिथे कळवते. निघताना मात्र कागद पुढे आला, की डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंट नेतोय, काही झालं तर जबाबदारी आम्हा घरच्यांची. विलासचं पेन हवेतच राहिलं. साडेचार तारे सोडून तेलकट भिंतीकडे जायचं, तेही स्वतःच्या सहीने!

"सही कर रं," आबाजी खुर्चीतून उठत म्हणाले. "थंडीनं मरन्यापरीस तितं मरू."

ट्रस्टच्या अपघात विभागात कुणीही हसून स्वागत केलं नाही. सिस्टरने "सरका" म्हणत आबाजींना खाटेवर घेतलं, पुन्हा ईसीजी लावला, रक्त घेतलं आणि कोपऱ्यातल्या मशीनमध्ये घातलं. चहा पिऊन व्हायच्या आत आकडा आला, चार पॉइंट सहा.

"नॉर्मल आहे," तिथले डॉक्टर म्हणाले. "रक्तदाबाच्या गोळीवर अधूनमधून हे बघावं लागतं, पण रक्त असं दिवसभर उन्हात फिरवून नाही. एक डॉक्टर धरा आणि त्यांच्याकडेच जात जा."

विलासने मान डोलावली. परतताना गाडीत हर्षलाने जागृती डॉक्टरांचा नंबर त्याच्या मोबाइलवर पाठवून दिला, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात त्याने रजा टाकली आणि आबाजींना जागृती डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोशीरचे जुने कागद बघितले, दोन गोळ्या बंद केल्या, आणि जवळच्या एका लॅबचं नाव दिलं, जिथे स्वतः जाऊन रक्त द्यायचं. एकच तपासणी लिहून दिली. "एवढीच?" हे विलासच्या ओठांवर आलं होतं, पण हर्षला समोर होती. त्याच दिवशी त्याने ऐन गर्दीच्या वेळी घरापासून ट्रस्टच्या हॉस्पिटलापर्यंत गाडी चालवून पाहिली, आणि रुग्णवाहिकेचा नंबर फ्रिजवर चिकटवला.

मग त्याने सोसायटीच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. कुठे रात्री लॅब चालू असते, कुठे डायलिसिस होतं, हॉस्पिटल ठरवण्याआधी काय विचारायचं. लिहिताना त्याला वाटलं, आपण किती जणांचे जीव वाचवतोय.

थोड्या वेळाने सी विंगमधून एक प्रश्न आला.

"तिथे व्हॅले पार्किंग आहे का?"