चाळीस शब्द

निधीच्या प्रिन्सिपलबाईंनी जूनमध्ये स्पष्ट सांगितलं होतं: दिवाळीपर्यंत वाचनात प्रगती दाखवा, नाहीतर मुलीसाठी दुसरी शाळा बघा. माझी निधी चौथीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. तिला डिस्लेक्सिया आहे, हे मुलुंडच्या निम्म्या नातेवाइकांना मी सांगितलेलंच नाही. माझी हिंमत तेवढीच.

शाळेतच रेमेडियलच्या, म्हणजे वाचनात मागे पडणाऱ्या मुलांच्या जादा तासांच्या, खोलीत जयंती टीचर तिला आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास शिकवायच्या. प्रत्येक अक्षराचा आवाज वेगळा काढायचा, मग ते आवाज जोडून शब्द म्हणायचा. दर शुक्रवारी त्या निधीला कधीच न पाहिलेला परिच्छेद द्यायच्या, दर वेळी तेवढाच कठीण. एका मिनिटात किती शब्द बरोबर आले, त्याचा ठिपका आलेखावर. सुरुवात अठ्ठावीसवर झाली. नऊ आठवड्यांनी सदतीस.

"आठवड्याला एक शब्द," मी म्हटलं. "टीचर, दिवाळी आली हो."

"लाईन वर चाललीय ना? आधी बिनचूक वाचणं येतं, वेग मागाहून येतो. काही महिन्यांत फरक दिसतो, पण वर्ष-दोन वर्षं धरून चला. आणि हा ताप नव्हे, की उतरला आणि संपला. तिला पुढेही वाचायला जास्त वेळ लागेल."

दोन वर्षं! त्याच दिवशी टीचर फोन घ्यायला बाहेर गेल्या, फाईल उघडी होती, पुढच्या तीन शुक्रवारचे परिच्छेद समोर. मी मोबाईल काढून फोटो घेतले.

घरी रोज तेच परिच्छेद. निधी आवाज जोडायला थांबली की मी शब्द सांगून टाकायची, "पुढे चल, पुढे चल." तिने ते शुभंकरोतीसारखे पाठ केले. ठिपके चढले: सत्तावन्न, बासष्ट, सहासष्ट. मी आलेखाचा फोटो स्वतः प्रिन्सिपलबाईंना पाठवला. उत्तर आलं: छानच, मग सोमवारपासून रेमेडियल बंद करू, निधी पूर्ण वेळ वर्गात बसेल. मी देवापुढे साखर ठेवली. शहाणी मी!

दुसऱ्या दिवशी जयंती टीचरनी मला बोलावलं. निधी तिथेच बसली होती, नखं कुरतडत.

"ही बनावट शब्दांची यादी," टीचर म्हणाल्या. "या शब्दांना अर्थच नाही, त्यामुळे पाठ करून येत नाहीत, आवाज जोडूनच वाचावे लागतात. जूनमध्ये तीसपैकी आठ आले, ऑगस्टमध्ये पंधरा. आज दहा. 'व्हॅप' लिहिलंय, ती 'व्हॅन' म्हणते. पहिलं अक्षर बघते आणि अंदाज ठोकते. इतका वेग वाढला आणि हे घसरलं, असं कसं? बंद करायच्या आधी हिची पुन्हा सगळी तपासणी करून घेऊया. मलाच काळजी वाटतेय."

निधीने माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांची पोर माझी चोरी सांभाळत होती, आणि भीतीने तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तिचं काही बिघडलेलं नाही," मी म्हटलं. "मी फोटो काढले होते. तुमच्या फाईलचे. मी पाठ करून घेतलं तिच्याकडून."

टीचरनी आलेख पुढे ओढला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी पेनने ते तीन ठिपके खोडले आणि दुसऱ्या कपाटातून एक नवा कागद काढला.

"टीचर, हा मला पाठ नाहीये," निधी आधीच म्हणाली.

"नसायलाच हवा. वाच."

ती अडखळली, थांबली, आवाज जोडले. मी ओठ दाबून धरले होते. मिनिटभराने टीचरनी मोजलं. चाळीस.

"तीन आठवड्यांत तीन शब्द," त्या म्हणाल्या. "हिची लाईन होती तिथेच आहे, सुलक्षणाताई. अंदाजाची सवय मात्र मला मोडावी लागेल. रेमेडियल बंद झालं तर ती कोण मोडणार? आता वर प्रिन्सिपलबाईंकडे जा आणि खरं सांगा."

तो खरा कागद घेऊन निधी आणि मी प्रिन्सिपलबाईंच्या केबिनबाहेर बाकावर बसलो. बाई काय म्हणतील, ठेवतील की काढतील, काहीच कळत नव्हतं. समोर इंग्रजीत भेटीच्या वेळेची पाटी होती. निधी त्यातल्या एका शब्दावर बोट रोखून पुटपुटायला लागली. व्ह... इ... झ... मध्येच अडली आणि सवयीने माझ्याकडे वळली.

शब्द माझ्या जिभेवर होता. मी दिला नाही. ती पुन्हा पाटीकडे वळली.

"व्हिझिट," ती म्हणाली. तेवढ्यात शिपायाने आमचं नाव पुकारलं.