इंगविल्डचे आभार

मी मातेउसचे आभार मानले आणि टेबल दोन हात लांब झालं.

वाढलं ते नेमकं आम्हा दोघांच्या मधे. लाकूड तेच, गाठीही तशाच, आणि वरचं चौकड्यांचं कापडही सोबत वाढलं. मसालेभाताचं पातेलं मातेउसच्या बाजूला गेलं. माझ्या हातात कढीचा डाव तसाच राहिला.

नॉर्वेतल्या आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात माझं निरोपाचं जेवण चाललं होतं; तिथे एकत्र राहणारे आम्ही चौघंच, मी, मातेउस, त्सेगाये आणि इंगविल्ड. शुक्रवारी पदवी, रविवारी विमान, मग उदगीर. भाषण कसं करायचं ते इंगविल्डने आठवडाभर शिकवलं होतं. ती इथलीच, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारी. सुरी पेल्यावर वाजवायची, उठून उभं राहायचं, एकेकाचं नाव घ्यायचं, त्याचा एक किस्सा सांगायचा, आभार मानायचे. शेवटी पेला उचलून सगळ्यांच्या डोळ्यांत बघायचं आणि 'स्कोल' म्हणायचं. मग बसलेल्यांपैकी कुणीतरी उठून उत्तर द्यायचं.

"फक्त 'सगळ्याबद्दल आभार' म्हणू नकोस," ती म्हणाली होती. "ते आम्ही थडग्यावर लिहितो."

सकाळी फोनवर आईला हे सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "आभार काय मानालास रे? परके हैत का ते? आपल्या माणसाचे आभार मानले की ते परकं होतंय." मी म्हटलं, इथे प्रत्येक गोष्टीचे मानतात. जेवल्याचे मानतात, मागच्या भेटीचेसुद्धा मानतात. जसा देश तसा वेश.

"मी तापाने पडलो होतो तेव्हा मातेउसने चार दिवस मला काळ्या घेवड्याची आमटी भरवली," एवढंच मी म्हटलं होतं. आता मातेउस टेबलाच्या पलीकडून नम्रपणे माझ्याकडे बघत होता. "माफ करा," तो म्हणाला, "आपली ओळख झालेली नाही."

"वैजनाथ," मी म्हटलं.

"छान नाव आहे," तो म्हणाला आणि भात वाढून घेऊ लागला.

भाषण अर्धवट सोडता येत नाही. मी त्सेगायेकडे वळलो. त्याने माझा प्रबंध तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा मला मूर्ख म्हटलं होतं. किस्सा झाला, सगळे हसले, मी आभार मानले. टेबल पुन्हा वाढलं. भिंत मागे सरकली, खिडकी लहान झाली. त्सेगायेने शेजारी बसलेल्या मातेउसला विचारलं, "हा कोणाच्या ओळखीचा?" मातेउसने खांदे उडवले.

मला वाईट वाटलं. पण ते दोघे आरामात जेवत होते, त्यामुळे कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं.

उरली इंगविल्ड. ती माझ्या कोपराशी बसली होती, मान खाली घालून. आता तिचीच पाळी होती. पहिल्या हिवाळ्यात दिवस उजाडायचाच बंद झाला आणि मी खोलीबाहेर पडेनासा झालो, तेव्हा ही रोज दार वाजवायची. "बूट घाल," एवढंच म्हणायची. कपाळाला दिवा बांधून बर्फातून मला गोठलेल्या तळ्यापर्यंत चालवत न्यायची. ती नसती तर मी पहिल्याच वर्षी परत गेलो असतो, किंवा कुठेच गेलो नसतो. सगळ्यांत जास्त आभार तिचेच होते. आणि ती परकी झालेली मला सोसणार नव्हती.

"इंगविल्ड," मी म्हटलं, "माझ्या आईने पाठवलेलं साजूक तूप तू स्कीच्या फळ्यांना चोळलंस."

टेबल हललं नाही.

"पहिली शिट्टी झाली तेव्हा माझा कुकर तू खिडकीतून बर्फात फेकलास. त्यात वरण होतं."

टेबल बोटभर आखडलं. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मला इतका आनंद झाला की मी आणखी चार तक्रारी केल्या, त्यातल्या दोन खोट्या.

"उदगीरला ये," मी म्हटलं. "कळवू नकोस. नुसती ये." आणि मी खाली बसलो.

इंगविल्ड वाट बघत राहिली. तिचे कान लाल झाले.

"संपलं?" तिने विचारलं.

"संपलं."

"मातेउसचे मानलेस. त्सेगायेचे मानलेस."

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी टेबलाखाली तिचा हात धरला. तिने तो दाबला, सोडवून घेतला, डोळे पुसले आणि सुरी उचलून पेल्यावर वाजवली.

मी विसरलोच होतो. भाषणाला उत्तर द्यायचं असतं.

"तू बस," मी म्हटलं. "जेवण गार होतंय."

"रीत आहे, वैजनाथ." ती उभी राहिली. दूरवर दोन अनोळखी माणसांनी चमचे खाली ठेवले. तिने मला शिकवलेलं ती स्वतःच विसरली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. किस्सा तिला सुचत नव्हता, थट्टाही सुचत नव्हती. तिने पेला उचलला, माझ्या डोळ्यांत पाहिलं.

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"वैजनाथ," ती म्हणाली, "सगळ्याबद्दल..."

माझ्या बोटांखाली लाकूड सरकायला लागलं.