वॉरंटीची फाइल

आमच्या लॉन्ड्रीत दर तीन महिन्यांनी अकाउंटंट मॅडमसाठी एक कापडी पिशवी भरली जाते. त्या पिशवीत काय जाणार आणि काय नाही, हे माझे काका ठरवतात. माझं काम फक्त ती खांद्याला लावून पोचवण्याचं.

काकांचा नियम सोपा होता. विक्रीची बिलं, साबण-पावडरची बिलं, विजेचं बिल, पगारपत्रक आणि बँकेचा उतारा एवढंच पिशवीत जायचं. करार, हमी, कर्जाचे कागद यांना ते ‘घरचे कागद’ म्हणत आणि ते लोखंडी कपाटात राहत. कपाटाची किल्ली काकांच्या कमरेला. “बिल म्हणजे बिल आणि घर म्हणजे घर. परक्या बाईला कशाला आपलं सगळं दाखवायचं?” असं ते म्हणायचे. आणि पिशवीच्या बदल्यात आम्ही एकच गोष्ट मागायचो. मी फोन करायचे, “मॅडम, कर किती भरायचा?” त्या आकडा सांगायच्या, मी पाटीवर खडूनं लिहायचे, विषय संपला. काकांच्या मते जास्त विचारलं की जास्त पैसे लागतात.

आजवर हे सुरळीत चाललं होतं, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. मग काकांच्या डोक्यात आलं की आपल्या जावयाला धंद्यात घ्यायचं. त्यासाठी दोन्ही भागीदारांचा हिशोब हवा. लॉन्ड्री बाबांची आणि काकांची, अर्धी-अर्धी. काका स्वतः मॅडमकडे गेले आणि येताना एकच पान घेऊन आले.

दुपारची वेळ, इस्त्रीच्या टेबलांवर चादरींचे ढीग, सगळीकडे वाफ. काकांनी ते पान बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

“दादा, हे काय आहे?”

पानावर दोन नावं होती. काकांपुढं उचल म्हणून थोडीशी रक्कम होती. बाबांपुढं जी होती ती पाहून मी हातातली हँगरची जुडी खाली ठेवली. त्या पैशात एक लहानसं घर आलं असतं. उचल म्हणजे भागीदारानं धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे. आणि माझे बाबा कोण? चप्पल तुटली तर अंगठा शिवून वर्षभर वापरणारे.

“काहीतरी चुकलंय,” मी म्हणाले.

“अकाउंटंट बाई चुकत नाहीत,” काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका थंड होता की मला भीतीच वाटली. “दादा, बोल ना.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पान वाचलं. मग म्हणाले, “घेतले असतील.”

मला वाटलं, मी नीट ऐकलंच नाही.

“घेतले असतील रे,” ते पुन्हा म्हणाले. “हल्ली माझ्या लक्षात राहत नाही. कागदावर आलंय म्हणजे घेतलेच असतील.”

काकांनी तिथल्या तिथे ठरवलं. तेवढी रक्कम दादाच्या भागातून वळती करायची, म्हणजे त्याचं काही उरतच नाही. महिनाअखेरीस सही करायची आणि दादानं घरी बसायचं. बाबांनी मान हलवली आणि गल्ल्याची किल्ली काढून ठेवली. त्या दिवसापासून ते गल्ल्याच्या बाजूला फिरकेनात. आपला हात पुन्हा तिकडे जाईल अशी त्यांना धास्ती होती. सख्ख्या भावाला एकदाही “शांतपणे बघू” म्हणावंसं वाटलं नाही, याचा मला इतका संताप आला की मी दोन दिवस काकांशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पाहते तर बाबा माळ्यावर. ट्रंका उघड्या, रजया खाली, जुनी भांडी पसरलेली. आई खालून ‘उतरा हो आता’ म्हणून विनवत होती, ते ऐकत नव्हते.

“बाबा, काय शोधताय?”

“कुठंतरी ठेवले असतील ना मी,” ते म्हणाले. “सापडले तर परत करता येतील.”

मी चप्पल घातली आणि थेट मॅडमच्या ऑफिसात गेले. या वेळी हातात पिशवी नव्हती.

“मॅडम, मला बाबांचा खातेउतारा हवा. नुसती बेरीज नको. कधी, किती, कुठून, प्रत्येक नोंद हवी.”

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. “ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागताय तुम्ही.”

उतारा छापून आला. एक-दोन किरकोळ नोंदी सोडल्या तर पानभर एकच गोष्ट, दर महिन्याला ठरावीक तारखेला तीच रक्कम. मी डोळे फाडून बघत होते. असं महिन्याच्या महिन्याला, नेमक्या तारखेला कोण चोरतं?

“हा कर्जाचा हप्ता आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या धंद्याच्या खात्यातून जातो, पण बँकेच्या उताऱ्यावर कर्जदार म्हणून तुमच्या वडिलांचं नाव येतं. कर्ज कशासाठी घेतलं, याचा कागद मला कधी मिळाला नाही. मालकाचं खासगी कर्ज धंद्याच्या पैशातून फिटतंय म्हटल्यावर मी ते त्यांच्या उचलीत टाकलं. दुसरं काय करणार?”

“पण विचारायचं तरी!”

त्यांनी आमची फाइल उघडली. प्रत्येक तिमाहीच्या हिशोबामागे एक पान टाचलेलं होतं. वर लिहिलेलं, ‘या नोंदींचे कागद आले नाहीत, कृपया खुलासा करावा.’ सगळी पानं करकरीत, कुणाचा हात न लागलेली. “तुम्ही फोनवर आकडा घेता आणि फोन ठेवता. ही पानं न्यायला कधी कुणी आलंच नाही.”

कशाचं कर्ज? उत्तर मला जिना उतरताना मिळालं. रोज ज्याच्या घरघरीत आम्ही ओरडून बोलतो, ते मोठं धुण्याचं मशीन! बँकेनं घर तारण मागितलं आणि घर बाबांच्या नावावर, म्हणून कर्ज बाबांच्या नावानं. पैसे बँकेनं परस्पर मशीनवाल्याला दिले होते. त्यामुळे खरेदीचा मागमूस आमच्या खात्यात नव्हता, दिसत होता तो नुसता हप्ता. मग मशीनचं बिल कुठंय?

मी लॉन्ड्रीत शिरले ती काकांपुढंच जाऊन उभी राहिले. “कपाट उघडा.”

“का?”

“उघडा म्हणते ना!”

त्यांनी उघडलं. वरच्याच कप्प्यात प्लॅस्टिकची फाइल होती, तिच्यावर काकांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं ‘वॉरंटी’. आत मशीनचं बिल आणि त्याखाली कर्जाचा करार, दोन्ही जसेच्या तसे. मी उतारा शेजारी ठेवला. करारातला हप्ता आणि उताऱ्यातली रक्कम एकच होती, तारीखसुद्धा.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. “बिल हरवलं तर वॉरंटी जाईल, म्हणून मीच...”

मशीन पाणी सोडत होतं, धडधडत होतं. बाबा कोपऱ्यात रुमालांच्या घड्या घालत बसले होते, ते उठून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. मॅडम नोंदी दुरुस्त करतील, मशीन धंद्याच्या नावे दाखवतील, इतके दिवस व्याजाची वजावट न मिळाल्यामुळे आपण करही जास्तच भरलाय, तेही त्या बघतील.

बाबांना कराचं काही नव्हतं. “म्हणजे मी घेतले नाहीत?”

“नाही, बाबा.”

“विसरलोही नाही?”

“नाही!”

“दादा,” काका म्हणाले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. “मला माफ कर रे.”

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

“मग तुझी आई असं का म्हणाली?”

“काय म्हणाली?”

“सकाळी तू गेल्यावर मी तिला विचारलं, मी तुझ्याकडे पैसे ठेवायला दिले होते का. ती म्हणाली, हो, दिले होते. माझ्या हातून खर्च झाले, तुम्ही नका शोधू.”