पत्ता नसलेला व्हिडिओ

लांबूसारखा एडिटर शोधून सापडणार नाही आणि लांबूसारखा विसरभोळाही. व्हिडिओ असा बनवील की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. पण तो गिऱ्हाइकाला पाठवायचा असतो, हे याच्या गावीच नसायचं. स्टुडिओ आम्हा दोघांचा. व्हिडिओ तो करायचा आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खायच्या, अशी आमची वाटणी होती. एकदा एका नवरीने तर मला विचारलं, की आमच्या लग्नाचा व्हिडिओ मुलं झाल्यावर मिळणार का. त्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी व्हिडिओ पाठवायचं काम संगणकालाच लावून देणारी स्क्रिप्ट लिहायला बसले.

स्क्रिप्टचं काम सरळ आहे. लांबूने व्हिडिओ पूर्ण करून 'तयार' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला, की पुढचं सगळं तिच्याकडे. फाइलचा आकार वाढायचा थांबला, की ती पूर्ण झाली असं समजून स्क्रिप्ट ती क्लाउडवर चढवते. मोठी असली तर तुकड्यातुकड्यांनी. मग एपीआयमार्फत क्लाउडला सांगते, की ज्याच्याकडे लिंक असेल त्याला हे बघू दे. लिंक मिळाली की गिऱ्हाइकाला मेल. मेल कुणाला करायचा, ते आतल्या फोल्डरच्या नावावरून ठरतं, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोल्डर वेगळं आणि त्याला त्याचा पत्ता जोडलेला. पत्ताच नसेल तर लिंक माझ्याकडे येते. कुणाचा व्हिडिओ अधांतरी लटकू नये, म्हणून मीच तशी सोय केली होती. लांबूला हे मी सांगितलं नव्हतं. स्क्रिप्टचं नाव काढलं की तो जांभया देतो, मग सांगायचं कुणाला?

त्या दुपारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका समोर बसल्या होत्या. संमेलनाच्या व्हिडिओची वाट बघून त्यांचा धीर सुटत चालला होता. लांबू चहाला खाली गेला होता.

"संगणक चढवतोय ना, बाई," मी ऐटीत म्हटलं. "आता माणसाने हात लावायचा नाही. तुम्हाला मेल आपोआप येईल."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. 'तुमचा व्हिडिओ तयार आहे.' फोल्डरचं नाव 'खाजगी'.

"बघा! लिंक कशी येते ते दाखवतेच तुम्हाला," मी म्हटलं आणि शहाणपणा करून ती मोठ्या पडद्यावर उघडली.

पडद्यावर माझी आई आली.

आमच्याच आतल्या खोलीत, आमच्याच खुर्चीवर, निळी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून बसलेली. मला आधी हसूच आलं. ही इथे कधी आली?

"झालं का सुरू?" आई म्हणाली. "ठके, कॅमेऱ्यापुढे बसायची माझी ही पहिलीच वेळ, हसू नकोस हं. तुला एक सांगायचंय. डॉक्टरांनी माझ्या डोक्याची तपासणी केली. विसरण्याचा आजार आहे म्हणाले. अजून सुरुवातच आहे, हाताशी चांगला वेळ आहे, घाबरू नकोस. तुला आत्ताच सांगितलं तर तू घर डोक्यावर घेशील. म्हणून सगळं आठवतंय तोवर बोलून ठेवतेय. उद्या मी तुला ओळखलं नाही, तर माझ्यावर ओरडू नकोस. मला काही कळणार नाही, आणि नंतर तूच रडत बसशील. मी काय तुला ओळखत नाही?"

थांबवायचं बटण समोर होतं आणि मला ते दाबता येईना. मुख्याध्यापिकाबाईंनीच पुढे होऊन ते दाबलं.

"मी उद्या येते," त्या म्हणाल्या. माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि दार हळूच ओढून घेत निघून गेल्या.

परवाच आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. 'लक्ष कुठे असतं गं तुझं?' म्हणून मी आईला फाडफाड बोलले होते. तिने मुकाट्याने आमटीत पाणी वाढवलं होतं. तेव्हा तिला सगळं माहीत असणार! ते पाणी आठवलं आणि मला माझाच इतका राग आला, की तो काढायला कुणीतरी हवंच होतं.

लांबू दोन कप घेऊन आत आला. पडद्याकडे बघून जागच्या जागी थिजला.

"हे तुला कसं आलं?"

"तू मला कधी सांगणार होतास?"

"काकूंनी शपथ घातली होती गं. त्या सांगतील तेव्हाच तुला द्यायचं ठरलं होतं. आज जरा आवाज साफ करून फाइल काढून ठेवली. नेहमीच्या सवयीने 'तयार'मध्येच पडली, पण मी फोल्डरला मुद्दाम पत्ताच जोडला नव्हता. म्हटलं, पत्ता नाही तर जाणार कुठे?"

"पत्ता नसला की माझ्याकडेच येतं!"

"हे तू मला कधी सांगितलंस?"

मी खाली बसले. रडू येत होतं, पण त्यातही डोकं आपलं हिशेब करतच होतं. सुरुवातच आहे, असं डॉक्टर म्हणालेत. म्हणजे वेळ आहे. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, औषधं बघू, दुपारी मी लवकर घरी जात जाईन, तिच्याजवळ बसेन. आणि मिठावरून पुन्हा कधी म्हणून बोलणार नाही. वेळ आहे म्हटल्यावर मला जरा धीर आला. कप हातात घेतला.

लांबूने मात्र त्याचा कप तसाच ठेवला आणि एकदम आतल्या संगणकाकडे धावला. मी मागोमाग गेले. तो घाईघाईने स्क्रिप्ट बंद करत होता.

"आता कशाला बंद करतोस? जायचं ते गेलं."

"काही नाही. तू बाहेर बस."

माझा फोन पुन्हा वाजला. 'तुमचा व्हिडिओ तयार आहे.' तेच फोल्डर, 'खाजगी'.

"तो उघडू नकोस," लांबू म्हणाला.

लांबू आणि मी एका वर्गात शिकलो, पण इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोललेला मला आठवत नाही. मला वाटलं, हा पुढचा भाग असेल. आईला आणखी काही सांगायचं असेल, दागिन्यांचं वगैरे. मी उघडला.

तीच खुर्ची. या वेळी साडी हिरवी होती. हात तसेच मांडीवर.

"झालं का सुरू?" आई म्हणाली. "ठके, कॅमेऱ्यापुढे बसायची माझी ही पहिलीच वेळ, हसू नकोस हं." मग तिने कॅमेऱ्यामागे बघितलं. "पहिलीच ना रे?"

"हो काकू," कॅमेऱ्यामागून लांबूचा आवाज आला. "पहिलीच."

मी त्याच्याकडे वळले. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"किती दिवसांनी पुन्हा आली होती?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी," तो म्हणाला. "दार उघडलं तर दारात काकू. म्हणाल्या, तुझ्याकडे एक काम आहे, आमच्या ठकीला सांगू नकोस. काय बोलणार होतो मी? कॅमेरा लावला."

पडद्यावर आई तेच सांगत होती, त्याच शब्दांत, तितक्याच मायेने. अजून सुरुवातच आहे, ठके. हाताशी चांगला वेळ आहे. घाबरू नकोस.

मी घाबरले.