तपासनीस जावई आणि वीस पापुद्रे

वजनकाट्यांच्या तपासणीत तीस वर्षं घालवून जावईबापू निवृत्त झाले, आणि घरात बसून आता डब्यांची झाकणं तपासू लागले. त्याला कंटाळून बायकोने त्यांना आपल्या आईच्या बेकरीत आणून सोडलं. तिथे बकलावा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची पाकातली मिठाई, बनायची. सासूबाईंनी अट घातली, "आजचा एक ट्रे एकट्याने लावायचा. जमला तर पापुद्र्यांचं टेबल तुमचं. नाही जमला तर काउंटरवर पिशव्या भरायच्या."

पिशव्या भरणं म्हणजे बायकोच्या हाताखाली. जावईबापू कामाला लागले.

कालपासून फ्रिजमध्ये सावकाश वितळवलेली पापुद्र्यांची गुंडाळी त्यांनी उलगडली. मैद्याचे वीस पापुद्रे, आरपार वर्तमानपत्र वाचता येईल इतके पातळ. वर प्लॅस्टिक, त्यावर घट्ट पिळलेलं ओलसर फडकं, वाळू नयेत म्हणून.

"आई, त्यांना पंखा लावू देऊ नकोस हं!" काउंटरवरून बायकोचा आवाज आला.

"बंदच आहे!" जावईबापू दुखावल्या सुरात म्हणाले.

पापुद्रा ट्रेमध्ये, वर पातळ तुपाचा ब्रश. आधी कडा, मग मध्य. भिजवायचं नाही, नुसतं चमकवायचं. सगळं उत्तम चाललं होतं. फक्त पापुद्रे वाळत नाहीत ना, हे बघायला ते दर मिनिटाला फडकं उचलत होते. तपासणी व्यवस्थित झाली, पापुद्रे वाळले.

सातवा मधोमध फाटला. आठव्याचे तर तीन तुकडे झाले. बापूंनी गठ्ठ्याचा तळ चाचपला. खालचे मात्र अजून मऊ होते. त्यांनी चोरासारखं मागे पाहिलं, चार चांगले काढून प्लॅस्टिकखाली झाकून ठेवले, आणि फाटके तुकडे जोडत, तुपाने चिकटवत मधल्या थरांत लपवले. अक्रोडाचा चुरा, पुन्हा फाटके, सगळ्यात वर ते चार. सुरीने चौकोन पाडून ट्रे भट्टीत.

पाऊण तासाने तो सोनेरी होऊन बाहेर आला. सासूबाईंनी थंड पाक ओतला, चर्र झालं. पाक मुरल्यावर त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला. कुर्रर्र. आवाज काउंटरपर्यंत गेला.

"जमलंय."

इथे गप्प बसला असता तो तपासनीस कसला! "आई, एक अनियमितता नोंदवायची आहे. एकूण दहा पापुद्रे फाटले. ते मी आत दडपले."

"मग काय चौकट करून भिंतीवर लावणार होता? आतच घालतात ते. वरच्या थरासाठी कोणते राखले?"

"चांगले चार."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. अब्रू झाकायची होती."

सासूबाई हसल्या आणि ब्रश त्यांच्या हातात परत दिला. "टेबल तुमचं. पण फडकं माझ्याकडे. उचलायचं झालं तर मला विचारायचं."

"लेखी की तोंडी?" बापूंनी विचारलं.