उसंतीचा चौथा रकाना

माझी आत्या चाळीस वर्षं शब्द गोळा करत होती आणि शब्दकोशाच्या संपादकबाई ते दहा मिनिटांत परत पाठवतील, अशी माझी खात्री होती. अट साधी होती. नमुन्याची एक नोंद कोशाच्या चार रकान्यांत नीट बसली, तर आत्याच्या वह्या कोशात घ्यायच्या. नाहीतर घरी न्यायच्या.

आत्या कार्यालयाबाहेर बाकावर वह्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे आता साथ देत नाहीत, म्हणून टाइप करणं माझ्याकडे. तिचा परिच्छेद असा होता: "उसंतीसाठी माणूस आसुसतो. कामातून मिळणारा थोडा मोकळा वेळ म्हणजे उसंत. आमच्या आईला ती ठाऊकच नव्हती. काही मागितलं की म्हणायची, 'उसंत मिळाली की बघते.' ती बघायची मात्र लगेच."

मुख्य शब्द: उसंत. शब्दजात: नाम, स्त्रीलिंगी. इथवर ठीक. अर्थाच्या रकान्यात मी अख्खा परिच्छेदच ओतला. एक ओळ कापली असती तरी आत्याचं तोंड उतरलं असतं. उदाहरणाला मग काही उरलं नाही, म्हणून मीच ठोकून दिलं, 'प्रत्येकाला उसंत हवी.'

संपादकबाईंनी पडद्याकडे पाहून चष्मा काढला. "अर्थाच्या रकान्यात तुम्ही सगळं घर आणून बसवलंय. आणि हे वाक्य कोण म्हणालं?"

"मीच."

"म्हणजे कोणीच नाही."

माझं डोकं सणकलं. "मग काय, आजीला हाकलून देऊ?"

"अहो, हाकलता कशाला? त्यांची जागा चुकलीये, एवढंच." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "अर्थ कुणालाही लागू पडेल तेवढाच ठेवा. आणि माणसाच्या तोंडून आलेलं वाक्य तुमच्याकडे आयतं आहे. शोधा की."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी दोन्ही रकाने पुसून पुन्हा टाइप केलं. अर्थ: कामातून मिळणारा थोडा मोकळा वेळ. उदाहरण: 'उसंत मिळाली की बघते.'

"छान. घ्या वह्या आत," बाई म्हणाल्या. मला इतकं हायसं वाटलं की त्यांचे आभार मानायचेही राहिले.

बाहेर जाऊन मी आत्याला नोंद वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला तिने माझा हात घट्ट धरला.

"मला वाटलं, अर्थ ठेवतील आणि आईला काढतील." डोळे पुसून ती हसली. "आणि 'ती बघायची मात्र लगेच', ते कुठं गेलं गं?"

"त्याला रकाना नाही, आत्या."

"असू दे," ती म्हणाली. "ते आपल्याला माहितीये." मग तिने मांडीवरची पिशवी उचलून माझ्या हातात दिली.